यादीतून नाव काढायचे, व्यवहार तोडायचा नाही

आजकाल मोठी पार्टी कापडाची ऑर्डर देते तेव्हा मालाच्या बोलणीबरोबर आपले नाव तिच्या ई-मेलच्या यादीत आणि दर आठवड्याच्या ऑनलाईन बैठकीतही घालते. ऑर्डर पुरी होते, हिशेब होतो, पण नाव मात्र तिथेच राहते. मेल येत राहतात, सोमवारी बैठकीचे बोलावणे येते. नाव काढायला सांगावे तर पार्टीला वाटेल की हा माणूस रुसला, आता याच्याशी व्यवहार संपला. म्हणून बहुतेक व्यापारी गप्प बसतात आणि मेल न उघडता सोडून देतात.

हे गप्प बसणे धोक्याचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल तर, मेल घेण्यासाठी आपण जो पत्ता ठरवून दिला आहे तिथे मेल पोहोचला की तो आपल्याला मिळाला असे धरले जाते. आपण तो उघडला की नाही, हा प्रश्न वेगळा. मिळाला म्हणजे मान्य केला असे नव्हे. पण उद्या तक्रार निघाली तर "आम्हाला कळवलेच नाही" असे म्हणायला जागा राहत नाही. ज्या कामाशी आपला संबंध नाही, त्याच्या मेलच्या ढिगात आपल्या कामाचा एखादा मेल दडून राहिला तर नुकसान आपलेच.

आमच्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. एका गारमेंट एक्स्पोर्टरला आम्ही ४० बाय ४० काउंटचा, ६३ इंच पन्ह्याचा कोरा पॉपलिन ५०,००० मीटर दिला. दर सोमवारी ११ वाजता त्यांची बैठक असे. प्रोसेसवाले, प्रिंटवाले, बटण-चेनवाले असे सगळे मिळून बारा जण. शिवाय रोजच्या डिस्पॅचचा मेल सर्वांना जाई. आमचा शेवटचा लॉट पोहोचला आणि पुढच्या सीझनचा माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेला. तरीही आमचे नाव यादीत होतेच. एका सोमवारी त्या नव्या व्यापाऱ्याचा भाव आमच्यासमोर वाचला गेला. दुसऱ्याचा भाव असा आपल्या कानावर पडणे त्याच्या हिताचे नाही आणि आपल्याही इभ्रतीचे नाही. तेव्हा नाव काढून घ्यायचे आम्ही ठरवले.

पहिले काम म्हणजे आपले काय बाकी आहे ते पाहणे. आमचे बिल ५०,००० मीटरचे होते आणि प्रोसेस हाऊसच्या मापात ४९,२०० मीटर भरले होते. या ८०० मीटरचा वाद मिटायचा होता. अशा वेळी नुसते "आमचे नाव काढा" असे लिहिले तर त्या वादाचे मेलही बंद होतात, आणि एके दिवशी एकदम डेबिट नोट हातात पडते. म्हणून बाकी राहिलेल्या कामाला वेगळी वाट करून देऊन मगच बाहेर पडावे.

दुसरे काम म्हणजे यादी कोणाच्या हातात आहे हे शोधणे. बैठकीचे बोलावणे ज्याच्या नावाने येते तोच तिचा मालक. मेलचे मात्र दोन प्रकार असतात. एकात सर्वांसाठी मिळून एकच ग्रुपचा पत्ता असतो. तिथे ग्रुप सांभाळणारा माणूस नाव काढू शकतो. गुगल ग्रुप असेल तर आपणही बाहेर पडू शकतो. ग्रुपच्या पत्त्यात `@` च्या आधी `+unsubscribe` जोडून त्या पत्त्यावर एक मेल पाठवायचा, आणि तोही ज्या पत्त्यावर आपल्याला मेल येतात त्याच पत्त्यावरून. दुसऱ्या प्रकारात ग्रुप असा काही नसतोच. बारा पत्ते `Cc` मध्ये हाताने लिहिलेले असतात, आणि जो तो `Reply All` दाबतो म्हणून नाव पुढे पुढे चालत राहते. इथे काढून टाकायला यादीच नाही. तेव्हा मुख्य माणसाला सांगावे की पुढच्या उत्तरात आमचे नाव `Cc` मधून काढून `Bcc` मध्ये टाका आणि मजकुरात तसे एक वाक्य लिहा. तो मेल आपल्याला मिळतो, नाव निघाल्याचे सर्वांना कळते, आणि त्या मेलला इतरांनी दिलेली उत्तरे आपल्याकडे येत नाहीत.

तिसरे काम फोनचे. जुन्या पार्टीला लेखी कळवण्याआधी दोन मिनिटे बोलून घ्यावे. आम्ही त्यांच्या मर्चंडायझर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हाजीसाहेब, नाराज तर नाही ना?" आम्ही म्हटले, "नाही मॅडम, माल तुम्हालाच द्यायचा आहे. पण दुसऱ्याच्या मालाच्या बैठकीत आमचे काय काम?" एवढ्याने गैरसमज टळला. मग त्याच दिवशी, फक्त त्यांनाच, असा मेल पाठवला :

"मॅडम, सलाम. फोनवर बोलल्याप्रमाणे, पॉपलिनच्या ऑर्डरचा आमचा शेवटचा लॉट आपल्याकडे पोहोचला आहे. पुढच्या मालात आमचा भाग नाही. तरी सोमवारच्या बैठकीतून आणि रोजच्या डिस्पॅच मेलमधून १ तारखेपासून आमचे नाव काढावे. ८०० मीटरच्या मापाची बाब बाकी आहे. तिचा पत्रव्यवहार याच पत्त्यावर वेगळ्या मेलने करावा. नवीन चौकशी असेल तर जरूर कळवावे. नाव काढल्यावर एका ओळीचे उत्तर द्यावे."

या मेलमध्ये कारण एका वाक्यात आहे, तारीख आहे, बाकीची बाब आहे आणि पुढच्या धंद्याला दार उघडे आहे. बैठक लांबते, वेळ जातो, असली तक्रार त्यात नाही. ती खरी असली तरी नाव काढायला तिची गरज पडत नाही.

हा मेल सर्वांना पाठवू नये. त्याच यादीतल्या एका प्रिंटवाल्याने `Reply All` दाबून "माझे नाव काढा" असे लिहिले. त्यावर आणखी चौघांनी "माझेही काढा" असे सर्वांना लिहिले. दिवसभर मेलचा पाऊस पडला आणि नाव कोणाचेच निघाले नाही, कारण यादी सांभाळणाऱ्याला वाटले की हे काम कोणीतरी दुसरा करील.

बैठकीच्या बोलावण्याला आपल्या बाजूने नकारही द्यावा. गुगल कॅलेंडरमध्ये `No` दाबल्यावर हा नकार एका दिवसाचा की साऱ्या बैठकांचा, असे विचारले जाते. तिथे `All events` निवडावे. `This event` राहिले तर पुढच्या सोमवारी बोलावणे पुन्हा हजर. मात्र नकार दिला तरी बोलावणाऱ्याने काढेपर्यंत त्याच्या यादीत नाव राहतेच. म्हणून वरचा मेल हवाच.

शेवटी दोन सोमवार लक्ष ठेवावे. कोणी जुन्याच मेलला उत्तर दिले तर त्यातला जुना पत्ता पुन्हा जागा होतो. आमच्या बाबतीत तसा एक मेल आला, आणि तो पाठवणाऱ्याला एकट्यालाच एक ओळ लिहून कळवले. एका ओळीचे उत्तर मॅडमकडून आले होते, ते ऑर्डरच्या फाईलला लावले. कोणत्या तारखेपासून आपण त्या कामात नाही, याचा तोच कागद.