माफीनाम्याआधी जबाब

दादागिरीची तक्रार आली की बहुतेक शाळांच्या ऑफिसात पहिल्यांदा काय घडतं? ज्याच्यावर आरोप आहे त्या मुलाला बोलावतात, वहीचं एक पान फाडून त्याच्यासमोर ठेवतात आणि सांगतात, "लिही, पुन्हा असं करणार नाही." पोरगं घाबरून लिहितं. दोन दिवसांनी तोच कागद कबुलीजबाब म्हणून फाइलला लागतो आणि त्याच्या जोरावर आठ दिवस घरी बसवतात. काय झालं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून पहिला नियम हा, की चौकशी संपेपर्यंत माफीनामा लिहून घ्यायचा नाही.

पुढची कृती एका प्रसंगावरून सांगतो. प्रसंग रचलेला आहे, पण आरे कॉलनीत शिकवणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. सातवीतला मुलगा पाड्यावरचा. आठवीतल्या ज्या मुलावर आरोप आहे, त्याचे वडील एका युनिटमधल्या तबेल्यात कामाला. वर्गशिक्षिकेने लिहून दिलेली तक्रार एका ओळीची: "हा मुलगा त्याला नेहमी त्रास देतो."

'नेहमी'ला उत्तर देता येत नाही, म्हणून आधी त्याचे तुकडे करायचे. तक्रार करणाऱ्या मुलाला एकट्याला, त्याच्या आईला शेजारी बसवून विचारायचं: कुठे, कधी, कोण होतं, काय बोलला. त्यातून तीन गोष्टी निघाल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत नळापाशी डबा उपडा केला. बुधवारी शाळा सुटल्यावर बसस्टॉपवर दहा रुपये काढून घेतले. आणि येता-जाता 'जंगली' म्हणून हाक मारतो, बाकीची पोरं हसतात. त्याच दिवशी सीसीटीव्हीचं सोमवारचं चित्रण वेगळं काढून ठेवायला सांगायचं, कारण जागा भरली की यंत्र जुन्यावर नवं चढवतं. तक्रारदाराची सोयही आजच लावायची. मधल्या सुट्टीत नळापाशी आणि सुटल्यावर स्टॉपवर एक शिक्षक उभा राहिला तरी पुष्कळ होतं. त्यासाठी कुणालाही दोषी ठरवावं लागत नाही.

आता आठवीतल्या मुलाच्या घरी पत्र जातं. त्यात तिन्ही आरोप वार आणि जागेसकट, सुनावणी कधी, आणि 'अजून काही ठरलेलं नाही' हे वाक्य. मध्ये निदान दोन दिवस हवेत. वडिलांना मराठी वाचता येत नसेल तर फोनवर हिंदीत वाचून दाखवायचं आणि तसं पत्राच्या प्रतीवर नोंदवायचं. वेळ मात्र त्यांना विचारूनच ठरवायची. तबेल्यात धार दोनदा काढतात, पहाटे आणि दुपारी. मधले सकाळचे दहा-अकरा त्यांना जमण्यासारखे. संध्याकाळी बोलावलं तर परतताना अंधार होतो, आणि आरेत अंधारात चालत जाणं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जाणं. वडील आले नाहीत म्हणजे त्यांना पर्वा नाही, असा शेरा मारण्याआधी आपण वेळ कुठली दिली होती ते बघावं.

ऐकायला तिघे बसावेत: मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि दोघांपैकी एकालाही न शिकवणारं तिसरं कुणी. तक्रार लिहून देणाऱ्या वर्गशिक्षिका या तिघांत नकोत. त्या साक्षीदार आहेत, त्यांनी फक्त स्वतःला काय दिसलं ते सांगायचं.

सुनावणीत दोन्ही मुलं समोरासमोर आणायची नाहीत. इथे अनेकांचा गोंधळ होतो: तक्रारदाराची उलटतपासणी झाली नाही तर सुनावणी कच्ची राहते, असं त्यांना वाटतं. तसं नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात काही विद्यार्थी मुलींच्या हॉस्टेलमध्ये घुसले होते. चौकशीत मुलींचे जबाब या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले गेले, आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलं. त्यांच्यावर आरोप काय आहे ते त्यांना कळवलं होतं आणि बाजू मांडायची संधी दिली होती, एवढं पुरेसं ठरलं. आरोप मात्र उत्तर देता येईल इतका नेमका सांगावाच लागतो.

मुलाच्या शेजारी वडील. एक आरोप वाचायचा, "यावर तुझं काय म्हणणं आहे?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. तीस सेकंदांची शांतता शिक्षकांना सोसत नाही, लगेच "म्हणजे तूच केलंस ना?" निघतं. तो प्रश्न गिळायचा. मुलगा हिंदीत बोलला तर हिंदीतच लिहायचं, शेवटी वाचून दाखवायचं, दुरुस्ती करू द्यायची, मग सही.

आपला मुलगा म्हणाला, डबा मी पाडला, पण आधी तो मला सगळ्यांसमोर 'शेणवाला' म्हणाला. बुधवारी मी शाळेत नव्हतो. 'जंगली' सगळेच म्हणतात.

हजेरीपट काढला, तर बुधवारी खरंच गैरहजर. इथे दोन्हीकडे घाई होते. एक म्हणतो, बघा, तक्रार खोटी. दुसरा म्हणतो, वार चुकला असेल, पैसे घेतलेच असणार. दोन्ही चूक. तक्रारदाराला पुन्हा विचारायचं, पण वार सुचवायचा नाही. तो म्हणाला, "पीटीचा तास होता त्या दिवशी." वेळापत्रकात पीटी मंगळवारी. म्हणजे आरोप बदलला, आणि बदललेला आरोप आठवीतल्या मुलाला पुन्हा सांगून पुन्हा ऐकावं लागतं. मंगळवारी तो शाळेत होता, पैसे घेतल्याचं नाकारतो. स्टॉपवरच्या दोन मुलांना वेगवेगळं विचारलं. एकाला काही दिसलं नव्हतं, दुसरा म्हणाला, "तो सांगत होता म्हणून मला माहीत." ऐकीव आहे. पैशांचा आरोप सिद्ध नाही, असं लिहायचं आणि पुढे त्याचा उल्लेख टोमण्यातही करायचा नाही.

आदेश एका पानाचा: कुठला आरोप कशावरून सिद्ध, मुलाचं म्हणणं काय, ते कितपत धरलं, कारवाई काय आणि कधीपर्यंत. इथे डब्याचा प्रकार चित्रणात दिसतो, मुलानेही मान्य केला. 'जंगली' म्हणत असल्याचं त्याच्याच उत्तरातून निघतं. सगळे म्हणतात हा बचाव होत नाही, पण शिक्षा एकट्यालाच का, हा प्रश्न तो रास्त उभा करतो. 'शेणवाला'ची चौकशी वेगळी, नव्या कागदावर. कारवाई: दोन आठवडे मधली सुट्टी पर्यवेक्षकांच्या नजरेखाली आणि डब्याची भरपाई. घरी बसवायची गरज कुठेच दिसत नाही.

प्रकार अंगावर धावून जाण्याचा असता तर? मुलगा वर्गात राहिल्याने धोका असेल तर त्याला त्याच दिवशी पालकांबरोबर घरी पाठवता येतं, पण सुनावणी लगेच पुढच्या एक-दोन दिवसांत, आणि तोवर हजेरीपटावर 'निलंबित' लिहायचं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात हीच सवलत ठेवली. तिथे ओहायोतल्या मुलांना न ऐकता दहा दिवसांपर्यंत निलंबित केलं होतं. लैंगिक स्वरूपाचं काही निघालं तर मात्र शाळेची सुनावणी तिथेच थांबते: पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आणि दाखला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून वडिलांना बाजूला घेऊन "तुम्हीच दाखला न्या, मुलाचं रेकॉर्ड खराब होणार नाही" असं सांगतात आणि शेरा पडतो 'पालकांच्या विनंतीवरून'. हे काढून टाकणंच आहे. आदेशाच्या तळाला एक ओळ म्हणूनच छापील ठेवावी: निर्णय मान्य नसल्यास महापालिकेच्या शाळेसाठी विभाग निरीक्षकांकडे, खासगी माध्यमिक शाळेसाठी शिक्षण निरीक्षक, पश्चिम विभाग यांच्याकडे अर्ज करता येईल. ती ओळ वडिलांना हिंदीत वाचून दाखवायची, आदेशाची प्रत हातात द्यायची आणि पोच घ्यायची.