चेहऱ्यावरील प्रकाशाशी जुळणारी पार्श्वभूमी

शाळेची स्मरणिका, ग्रामपंचायतीचे पत्रक किंवा सत्कार समारंभाचे निमंत्रण यांसाठी व्यक्तीचे छायाचित्र चांगले मिळते; पण तिच्यामागे विजेचा मीटर, पडके प्लास्टर किंवा दोरीवरचे कपडे असतात. अशा वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चित्रनिर्मितीच्या साधनाकडून दुसरी पार्श्वभूमी तयार करून घेता येते. त्यासाठी साधनाला जी लेखी सूचना द्यावयाची, तिला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. पुष्कळदा तयार झालेली पार्श्वभूमी सुंदर असूनही व्यक्ती मात्र कात्रीने कापून चिकटविल्यासारखी दिसते. मागचा प्रकाश चेहऱ्यावरील प्रकाशाशी जुळत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय. म्हणून सूचना लिहिण्यापूर्वी छायाचित्र वाचावयास शिकले पाहिजे.

उदाहरणादाखल एका निवृत्त शिक्षकांचे छायाचित्र घेऊ. ते खुर्चीवर बसले आहेत. नाकाची सावली पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूस व किंचित खाली पडली आहे. बुबुळात डावीकडे वरच्या अंगाला उभट, चौकोनी चकाकी आहे. यावरून प्रकाश डावीकडून, डोळ्यांच्या पातळीहून थोड्या वरून, खिडकीतून येतो हे कळते. सावलीची कड पुसट आहे. म्हणजे थेट ऊन नसून खिडकीतून येणारा आकाशाचा मवाळ उजेड आहे. पांढऱ्या टोपीवर निळसर झाक आहे, म्हणजे प्रकाशाचा रंग थंड आहे. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरलेला आहे. दिशा, मवाळपणा, रंग व कॅमेऱ्याची उंची ही चार उत्तरे हाती आली की सूचना निम्मी तयार झाली.

आता कोणी "शाळेची सुंदर पार्श्वभूमी, प्रसन्न प्रकाश" असे लिहिले, तर साधन बहुधा मावळतीचे सोनेरी ऊन मागून आलेले दाखविते. 'सुंदर', 'प्रसन्न' हे शब्द प्रकाश कोठून यावा हे सांगत नाहीत. त्यामुळे साधन आपल्या सवयीचे चित्र काढते. त्याऐवजी सूचना पुढीलप्रमाणे लिहावी :

"शाळेची रिकामी वर्गखोली, माणूस नाही. मागे फिकट पिवळसर भिंत व लाकडी कपाट. प्रकाश चित्राच्या डाव्या कडेबाहेरील मोठ्या खिडकीतून, डोळ्यांच्या पातळीहून थोड्या वरून येतो. भिंत डावीकडे उजळ असून उजवीकडे हळूहळू गडद होते. कपाटाची सावली उजवीकडे, पुसट कडांची. ढगाळ दुपारचा थंड, मवाळ उजेड. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पार्श्वभूमी किंचित अस्पष्ट."

या सूचनेत प्रकाशाचे केवळ नाव घेतलेले नाही. तो भिंतीवर व कपाटावर काय करतो हेही सांगितले आहे. 'डावीकडून' एवढाच शब्द लिहिल्यास व्यक्तीची डावी बाजू की चित्राची, असा घोटाळा होतो. म्हणून 'चित्राची डावी कड' असे लिहावे. 'ऊन नको' असे नकारार्थी लिहिण्यापेक्षा 'ढगाळ दुपार' असे हवे ते लिहावे. कारण नको म्हटलेली वस्तूही कधी कधी चित्रात उमटते. 'माणूस नाही' या शब्दांना 'रिकामी वर्गखोली' हा आधार त्यासाठीच दिला आहे. मराठी सूचना नीट समजली नाही असे दिसल्यास तोच मजकूर इंग्रजीत देऊन पाहावा.

चित्र आल्यावर ते व्यक्तीमागे ठेवून दोन्ही कृष्णधवल करून पाहावीत. रंग गेला की सावल्यांची दिशा व उजेड-अंधाराचा फरक चटकन कळतो. चेहऱ्याची उजवी बाजू गडद आणि कपाटाची डावी, असे दिसले तर दिशा उलटली आहे. सर्व सूचना पुन्हा न लिहिता पार्श्वभूमी आरशातल्याप्रमाणे आडवी उलटावी. मात्र तीत अक्षरे असतील तर हा उपाय चालत नाही. व्यक्तीचे छायाचित्र उलटवू नये, कारण भांग, गुंड्या व चेहऱ्याची ठेवण बदलते. दिशा जुळूनही चित्र परके वाटले तर रंग पाहावा. साधन प्रकाशाचा रंग मोजून देत नाही, शब्दांवरून अंदाज बांधते. म्हणून शेवटी टोपीचा पांढरा रंग व भिंतीचा उजळ भाग शेजारी ठेवून संपादनात रंग थोडा थंड किंवा उबदार करावा लागतो.

एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. निवृत्त शिक्षकांमागे कल्पित वर्गखोली दाखविणे ही सजावट आहे, आणि तिथेही 'पार्श्वभूमी कृत्रिम' अशी टीप द्यावी. परंतु लाभार्थ्यामागे न बांधलेली विहीर किंवा न झालेला रस्ता दाखविला, तर ते छायाचित्र खोटा पुरावा ठरते. कामाच्या अहवालात जोडावयाच्या छायाचित्राची पार्श्वभूमी, ती कितीही अप्रिय दिसो, जशीच्या तशी ठेवावी.