बागेभोवतीचा रस्ता आणि चार कोपरे

पंचवटीत आमच्या कॉलनीतली बाग आयताकृती आहे. ती 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद धरू. तिच्या बाहेरून चारही बाजूंनी सारख्या रुंदीचा रस्ता करायचाय आणि पेव्हर ब्लॉक आहेत 216 चौरस मीटरपुरते. मग रस्ता किती रुंद होईल?

परिमिती 100 मीटर, म्हणून 216 ला 100 ने भागून 2.16 म्हणाल, तर कोपरे विसरलात! रुंदी x धरा. रस्ता दोन्हीकडे असल्यामुळे बाहेरची लांबी 30 + 2x आणि रुंदी 20 + 2x होते.

(30 + 2x)(20 + 2x) − 600 = 216
4x² + 100x − 216 = 0
x² + 25x − 54 = 0
(x + 27)(x − 2) = 0

रुंदी ऋण असूच शकत नाही, म्हणून −27 सोडा; उत्तर 2 मीटर. ताळा: 34 × 24 − 600 = 216. यात 100x म्हणजे चार सरळ पट्टे आणि 4x² म्हणजे चार कोपऱ्यांचे चौरस.

हाच रस्ता बागेच्या आतून काढला, तर पट्टे कोपऱ्यांत एकमेकांवर येतात, म्हणून तेच चौरस वजा होतात: 100x − 4x² = 216. आता दोन्ही उत्तरं धन येतात, साधारण 2.39 आणि 22.61. पण बागच 20 मीटर रुंद, तेव्हा x दहाच्या आतच हवा. उत्तर 2.39. ब्लॉक तेवढेच, पण रस्ता जास्त रुंद! म्हणून समीकरण मांडण्याआधी बघायचं, रस्ता आत आहे की बाहेर.