मैत्रिणीसाठी मंगलाष्टक

पाश्चात्त्य विवाहात वधू-वरांचा जिवलग पेला उंचावून जे बोलतो, त्याची जागा आपल्याकडे बहुधा मंगलाष्टक घेते. पुण्यात अशी रचना करून मागणारी व्यक्ती पुष्कळदा एवढेच सांगते : “जिवलग मैत्रिणीचे लग्न आहे.” नुसत्या नात्यावर रचलेले कडवे कोणत्याही वधूला लागू पडते. म्हणून प्रथम एखादा प्रसंग विचारावा. समजा, उत्तर मिळाले की, स्वारगेटहून भर पावसात परीक्षेला जाताना दोघींत एकच छत्री होती. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक चरणात 19 अक्षरे असतात व 12व्या अक्षरावर यती येते. चरण असा होईल :

दोघींनी मिळुनी जपून धरली छत्री जुनी, फाटकी

वृत्त निर्दोष आहे. सूर मात्र तपासावा लागेल. हाती अक्षता घेऊन उभ्या असलेल्या सासरच्या वडीलधाऱ्यांना ‘फाटकी’ या शब्दात माहेरची गरिबी ऐकू येऊ शकते. तेथे ‘एकटी’ योजल्यास लघुगुरुक्रम तोच राहतो आणि छत्री एकच होती हेही कळते. ‘फाटकी’ संध्याकाळच्या स्वागतसमारंभातील थट्टेसाठी राखून ठेवावी. खरे तर मला तोच शब्द अधिक आवडतो.