आत्याची गोष्ट इंग्रजीत: खर्च किती आणि कशावर

माझी आत्या ८३ वर्षांची. माहेर भोर तालुक्यातलं, सासर वेल्ह्याकडे तोरण्याच्या पायथ्याला. तिची नातवंडं परदेशात वाढली, त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणून तिच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि त्यातून एक इंग्रजी प्रकरण करून घेतलं. एकूण १६,५०० रुपये लागले. दर आम्हाला मिळालेले आहेत, तुम्हाला थोडे कमी-जास्त मिळतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

पहिली चूक रेकॉर्डिंगच्या वेळेची. आम्ही श्रावणात गेलो. वर पत्रा, बाहेर वेल्ह्याचा पाऊस. तासभर बोललेलं सगळं वाया गेलं. असा आवाज असेल तर उतरवून देणारा जादा पैसे मागतो आणि तरी जागोजागी टिंबं सोडतो. दिवाळीनंतर पुन्हा गेलो आणि तीन बैठकांत १४० मिनिटं मिळाली. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर, पाटावर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला होता.

हे सगळं मराठीत उतरवायला मिनिटाला २५ रुपयांनी ३,५०० लागले. एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास बसावं लागतं, तेव्हा हा दर महाग नाही. इथे हात आखडू नका आणि माणूस मावळातली बोली कानावरून गेलेलाच घ्या.

बचत पुढच्या पायरीवर होते. आत्या मिनिटाला साधारण ९० शब्द बोलते, म्हणजे मराठी मजकूर साडेबारा हजार शब्दांचा झाला. शब्दाला दोन रुपयांनी सगळ्याचं भाषांतर केलं असतं तर २५,००० गेले असते, आणि त्यातलं बरंचसं तेच तेच होतं. आम्ही मराठीतच कात्री चालवली. लग्न, पहिला पावसाळा आणि पानशेत फुटल्याची बातमी एवढंच ठेवलं. राहिले ३,००० शब्द, भाषांतराचे ६,००० रुपये. दर मराठी शब्दावर की इंग्रजी, हे आधीच विचारा. आपलं ‘घरातल्यांनासुद्धा’ इंग्रजीत तीन-चार शब्द होतं. आमच्या ३,००० शब्दांचे इंग्रजीत ४,००० झाले. दर इंग्रजीवर असता तर २,००० रुपये जास्त गेले असते.

भाषांतरकार निवडण्याआधी दोघांकडून २५० शब्दांचा नमुना पैसे देऊन करून घेतला, १,००० रुपये. नमुन्याला मुद्दाम भातशेतीचा उतारा दिला. एकाने भाताची ‘लावणी’ नाचाची केली आणि ‘राब भाजला’चा अर्थ राबण्याशी जोडला. राब म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळणं. दुसऱ्या बाईंनी न कळलेल्या चार शब्दांखाली रेघ मारून फोन केला. काम त्यांना दिलं. राब हा शब्द त्यांनी इंग्रजीत तसाच ठेवला आणि त्याच वाक्यात तो काय ते सांगितलं.

तरीही एक घोळ झाला. आत्या नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘ह्ये’ म्हणते, आणि सासरेही ‘ते’च. इंग्रजीत दोघे एक झाले आणि सासऱ्यांनी खांद्यावरून आणलेलं भाताचं पोतं नवऱ्याच्या खांद्यावर गेलं. असल्या जागी मराठी मजकुरातच कंसात नाती लिहून मग तो पाठवा.

शेवटचा खर्च इंग्रजी संपादनाचा, ४,००० शब्दांना दीड रुपयाने ६,००० रुपये. प्रकरण २,८०० शब्दांवर आलं. संपादकाने वाक्यं चांगली घडवली, पण आत्याच्या लग्नापुढे १९६० घातलं, कारण ती ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात’ म्हणाली होती. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. आदला उन्हाळा म्हणजे त्याच वर्षीचा वैशाखही असू शकतो.

म्हणून छापण्याआधी एक फेरी पुन्हा वेल्ह्याला केली. इंग्रजी प्रकरण मी वाक्यावाक्याने मराठीत सांगत गेले. या फेरीला एसटीचं तिकीट सोडून काही लागत नाही, आणि ती न करता काम संपलं असं मी मानणार नाही. लग्नाची जागा आली तेव्हा विचारलं, ‘आत्या, लगीन झाल्यावर पानशेत फुटेस्तोवर किती पावसाळे गेले?’

‘येक बी न्हाय,’ ती म्हणाली. ‘हळद उतरली न्हवती नीट, तवाच बातमी आली.’

साल १९६१ केलं. मग तिने सासूबद्दलची दोन वाक्यं काढायला लावली, तीही काढली.