बाँडवरचं जास्त व्याज नेमकं काय सांगतं? उधारीच्या हिशोबाने समजून घेऊ

व्हिडिओमध्ये स्प्रेडची आकडेमोड जरा पटकन झाली, म्हणून इथे सावकाश करू. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात दुकानातून करू. समजा, मुरबाडला तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंटची गोणी रोखीत ४०० रुपये, महिन्याच्या उधारीवर ४१०. शंभर गोण्या उधारीवर दिल्या तर वरचे १००० रुपये मिळतात. पण एका गोणीचे पैसे बुडाले की ४१० गेले. म्हणजे शंभरातल्या अडीचच्या आसपास गोण्या बुडाल्या की वरची कमाई साफ! तुम्ही १० रुपये जास्त लावले, म्हणजे नकळत "शंभरात अडीच बुडतील" असा भाव लावलात.

बाँडचा बाजारही हेच करतो.

आता बाँडकडे वळू

सरकारी रोखे एका वर्षात १०० चे १०७ करून देतात. एका कंपनीचा बाँड १०९ देतो. हा २ टक्क्यांचा फरक म्हणजे स्प्रेड. कंपनी बुडाली तरी सगळं जात नाही, मालमत्ता विकून काहीतरी हाती येतं. ती वसुली १०० मागे ४० धरू.

असे शंभर बाँड घेतले आणि सगळ्यांनी पैसे दिले, तर सरकारी रोख्यांपेक्षा २०० रुपये जास्त मिळतात. एक बुडाला की १०९ ऐवजी ४० येतात, म्हणजे ६९ चा फटका. २०० भागिले ६९ म्हणजे २.९. शंभरात जवळपास तीन बुडाले की दोन्हीकडे हिशोब सारखाच. या २.९ टक्क्यांना "जोखीम-तटस्थ डिफॉल्ट शक्यता" म्हणतात. सूत्र असं:

```
p = (कंपनीचे 109 − सरकारचे 107) ÷ (109 − वसुली 40)
```

इथे एक गंमत बघा. वसुली शून्य धरली तर उत्तर १.८ येतं आणि ७० धरली तर ५.१. स्प्रेड तोच, पण उत्तर बदललं. म्हणून कोणी नुसती शक्यता सांगितली, तर आधी विचारा, "वसुली किती धरली?"

खरं उदाहरण: डीएचएफएल

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीने सर्वसामान्यांसाठी बाँड काढले. पतमानांकन सर्वोच्च, म्हणजे एएए. व्याज ९.१ ते ९.३ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा सरकारी रोखे सुमारे ७ टक्के देत होते. ९.२ आणि वसुली ४० धरून सूत्रात घाला. वर्षाला ३.२ टक्के येतात. वर्षाला शंभरातले ९६.८ टिकतात, तर तीन वर्षांनी सुमारे ९१. म्हणजे तीन वर्षांत बुडण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास. मानांकन सांगत होतं "अगदी सुरक्षित", भाव मात्र अकरात एक म्हणत होता.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस अडचणीत आल्यावर एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएलचे रोखे सुमारे ११ टक्के यील्डने विकले. सरकारी दर तेव्हा ८ च्या आसपास होता. स्प्रेड ३ वर गेला, शक्यता वर्षाला ४.२ झाली. पुढे जून २०१९ मध्ये कंपनीने व्याज चुकवलं, म्हणजे तीन वर्षं पूर्ण होण्याआधीच. तेव्हा कुठे मानांकन "डी" वर आलं. भाव आधी हलला, मानांकन नंतर.

मग हा आकडा भविष्य सांगतो का?

नाही. तुमच्या उधारीच्या १० रुपयांत फक्त बुडीत नसतं. महिनाभर पैसे अडकतात, वसुलीसाठी शहापूरपर्यंत फेऱ्या होतात, जिवाला घोर लागतो, त्याचाही मोबदला असतो. तसंच स्प्रेडमध्ये भीतीची किंमत असते, आणि हवा तेव्हा बाँड विकता येत नाही त्याचीही. म्हणून खरी शक्यता सहसा यापेक्षा कमी असते. "तटस्थ" म्हणजे हेच: घोर लागतच नाही असं धरून सगळा फरक बुडीताच्या खात्यात टाकला.

तरी उपयोग मोठा आहे. धंद्याचं भांडवल दोन-चार महिने मोकळं आहे आणि कोणी १३ टक्क्यांचा बाँड दाखवतोय, तर तेवढ्याच मुदतीचा सरकारी दर बघा. मुदत वेगळी असेल तर तुलना फसते. तो ७ असेल तर ६ भागिले ७३, म्हणजे वर्षाला ८ टक्के. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: बारा गिऱ्हाइकांतला एक बुडणार, अशी उधारी मी दुकानाच्या भांडवलातून देईन का?

वरच्या सूत्रात वसुली २० धरून डीएचएफएलचा हिशोब पुन्हा करा आणि उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!