मेणबत्तीचे व्याख्यान, सहा चौकटींत

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मेणबत्ती जळते कशी, हा त्यांतील भाग आपण चित्रकथेत उतरवू.

व्याख्याता एकच मुद्दा दोनतीन प्रकारे सांगू शकतो. चौकटीला ती मुभा नसते. म्हणून आपण प्रथम व्याख्यानातील केवळ बदलाची वाक्ये वेचावीत. पदार्थाची जागा किंवा अवस्था बदलली, की नवी चौकट. असे केल्यास सहा चौकटी व त्यांच्या चित्रओळी पुढीलप्रमाणे होतात :

१. काडीची ज्योत वातीतले मेण पेटवते.
२. उष्णतेने वरचे मेण वितळते. वर चढणारी हवा कडा थंड ठेवते, म्हणून मेणाची वाटी तयार होते.
३. वातीच्या धाग्यांमधील बारीक फटींतून द्रव मेण वर चढते.
४. वातीच्या टोकाशी त्या मेणाची वाफ होते.
५. वाफ हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळते.
६. त्या ज्वलनाची उष्णता खालचे मेण वितळवते.

सहाव्या चौकटीतून बाण पहिलीकडे नव्हे, तर दुसरीकडे न्यावा; कारण काडीची गरज एकदाच लागते.

चित्रओळ चित्रात दिसणारे पुन्हा सांगत नाही. ‘ही मेणबत्ती आहे’ ही ओळ निरुपयोगी होय. प्रत्येक ओळीत कोणता पदार्थ काय करतो, हे नाव घेऊन सांगावे.

खरी अडचण चौथ्या चौकटीत येते. मेणाची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती न दाखविल्यास वातच जळते, असा वाचकाचा समज होतो. येथे फॅरडे यांचाच प्रयोग उपयोगी पडतो. वारा नसलेल्या जागी मेणबत्ती अलगद विझवली, की पांढरी धूररेषा वर जाते. वातीपासून दोनतीन बोटे उंचीवर त्या रेषेला पेटती काडी लावताच ज्योत खाली उडी घेऊन वात पुन्हा पेटवते. काडी वातीला लागलेलीच नसते. वाफ निवून तिचे बारीक कण झाल्यामुळे ती पांढरी दिसते. हे छोटे चित्र चौथ्या चौकटीच्या कोपऱ्यात घालावे. इतरत्र वाफ ठिपक्यांनी दाखवावी आणि ठिपके केवळ खुणेसाठी आहेत, असे लिहावे. हा प्रयोग शिक्षकांसमोरच करावा.

शेवटी चित्रे कापून, क्रमांक झाकून, ती व्याख्यान न ऐकलेल्या विद्यार्थ्यापुढे विस्कटून ठेवावीत. त्याने तिसरी व चौथी यांची अदलाबदल केली, तर मेण टोकापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, हे आपल्या चित्रातून उमटलेले नाही. अशा वेळी ओळ वाढवू नये. तिसऱ्या चौकटीत चढत्या मेणाचे टोक वातीच्या शेंड्यापर्यंत नेऊन दाखवावे.